दोन गाड्यांमधली मोकळी जागा

गावात विजेवरच्या रिक्षा आल्या तेव्हा त्या चार्ज कुठे होणार याचा विचार कोणी केला नव्हता. बसस्टँड, तहसील, दवाखाना, आठवडी बाजार अशा फेऱ्या मारून त्या आपापल्या गल्लीत शिरत आणि घराच्या खिडकीतून एक वायर बाहेर येई. ती बहुधा टेबलफॅनसाठी आणलेल्या बोर्डाची असे. वायर लांब पडली तर कोणी कापत नसे. उरलेली लांबी गुंडाळून खाटेखाली ढकलून देत.

माझ्या शेजारच्या गल्लीत अशी एक गुंडाळी वितळली आणि खाटेच्या सुतळीने पेट घेतला. खाट रिकामी होती म्हणून ती बातमी आतल्या पानावर गेली. मी पाहायला गेलो तेव्हा वायरच्या साऱ्या वेढ्यांचा मिळून एक काळा गोळा झाला होता. मोकळी पसरलेली वायर आपली उष्णता हवेत सोडते. गुंडाळलेली वायर ती स्वतःलाच देत राहते. हे मला तिथे आलेल्या वायरमन बाईने सांगितलं. आयटीआयला शिकलेली, तिशीच्या आतली, गावातल्या निम्म्या बोअरच्या मोटारी तिच्याच हातच्या. सगळे तिला वायरमन बाईच म्हणत.

त्या खाटेनंतर रिक्षावाल्यांनी एकत्र येऊन बंद पडलेल्या राईस मिलचं आवार घेतलं. मिलला थ्री फेजचं कनेक्शन होतं, भोवती कुंपण होतं, धान भिजवायचा मोठा हौद होता आणि धान वाळवायचं विस्तीर्ण, टणक अंगण होतं. मागच्या बाजूला उतार होता आणि उताराच्या शेवटी बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. त्यात शेजारच्या वस्तीची गुरं पाणी पीत. कोपऱ्यातला कोंड्याचा जुना ढीग आधी बैलगाड्यांनी बाहेर गेला, मग आत पहिली रिक्षा आली. आवाराला लोक यार्ड म्हणू लागले.

मीही स्कूटर विजेची घेतली होती. माझ्या भाड्याच्या घरात अर्थिंग नव्हतं, म्हणून मी तिथे जाऊ लागलो. वर्तमानपत्राला बातम्या पाठवून झाल्या की दुपारचा तासभर मी यार्डातल्या बाकावर काढत असे. पुढे जे लिहितो आहे त्यातलं बहुतेक त्या बाकावरून पाहिलेलं आहे.

यार्डाची मांडणी दोघांची होती. वायरचा भाग वायरमन बाईचा. प्रत्येक गाडीला तिने बोर्डापासून वेगळी लाइन दिली आणि प्रत्येक लाइनला वेगळी एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका. एका सॉकेटमधून दोन गाड्या, हा प्रकारच ठेवला नाही. रिक्षावाल्यांना ती उधळपट्टी वाटली. एका रिक्षाचा चार्जर घरातल्या इस्त्रीइतकीच वीज खातो, मग त्याला एवढी जाड तांब्याची तार कशाला, असा त्यांचा प्रश्न होता.

"इस्त्री किती वेळ चालवते बायको तुमची?" तिने विचारलं.

"अर्धा घंटा."

"अन् चार्जर?"

"सात-आठ घंटे."

"मंग? अर्धा घंटा वजन उचलनं आन् दिवसभर उचलून उभं राहनं एकच हाये का? त्यात आपला उन्हाळा. तारेच्या बंडलावर जे ॲम्पियर लिहून असते ते थंड हवेतलं. टिनाखाली, एका पायपात धा तारा कोंबून, एप्रिल महिन्यात ते तेवढं राहत नाई."

म्हणून तिने पाइपात तारा कोंबल्या नाहीत. भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून त्या सुट्या सुट्या नेल्या. दूरच्या गाड्यांसाठी आणखी एक माप जाड तार घेतली, कारण लांबीबरोबर विजेचा दाबही पडतो. एमसीबी तारेला सोसेल त्याहून मोठी बसवायची नाही, यावर ती अडून राहिली. एमसीबी वारंवार पडते म्हणून मोठी बसवा, असं कोणी म्हटलं की ती पडण्याचं कारण शोधायला जाई. प्रत्येक लाइनला गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र होतं, कारण इथल्या रिक्षा पावसात भिजून येतात आणि चालक अनवाणी असतो.

तिची एक गोष्ट मला तेव्हा विशेष वाटली नव्हती. यार्डाचा मुख्य खटका तिने गेटाजवळ, गाड्यांपासून लांब, लाल रंग देऊन बसवला. हौदावरच्या पंपाची लाइन मात्र तिने त्या खटक्याच्या आधीच वेगळी काढून घेतली. खटका पाडला की सगळं यार्ड मरतं, पंप जिवंत राहतो.

जमिनीचा भाग भाऊचा होता. भाऊ म्हणजे यार्डाची देखरेख करणारा. साठीकडे झुकलेला, बारीक, कोरड्या आवाजाचा माणूस. यार्डावर येण्यापूर्वी त्याने कितीतरी उन्हाळे अंगारी म्हणून काढले होते. जंगलात वणवा लागू नये, लागला तर पसरू नये म्हणून वनखातं उन्हाळ्यापुरते जे मजूर ठेवतं त्यांना अंगारी म्हणतात. आलापल्लीकडच्या सागवानात आणि कुरखेड्याकडच्या मिश्र जंगलात त्याने जाळरेषा काढल्या होत्या. जाळरेषा म्हणजे जंगलातून काढलेला रुंद, साफ पट्टा. त्यावर पान ठेवायचं नाही. पलीकडून आग आली की तिथे तिला खायला काही मिळत नाही.

यार्ड त्याने त्याच नजरेने आखलं. एक गाडी, मग तेवढीच जागा मोकळी, मग दुसरी गाडी. लेड-ॲसिड बॅटरीच्या रिक्षा एका बाजूला, लिथियमच्या स्कूटरी दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींच्या मध्ये सगळ्यांत रुंद पट्टा. छप्पर टिनाचं, पण भिंती नाहीत, कारण चार्ज होताना लेड-ॲसिडमधून जो वायू निघतो तो कोंडला तर ठिणगीला तेवढं पुरतं. प्रत्येक गाडीचं तोंड गेटाकडे. हँडब्रेक सोडलेला आणि चाकाला दगड, म्हणजे वेळ आली तर दगड काढून एकटा माणूस गाडी ढकलू शकेल. गाडी आली की लगेच प्लग लावायचा नाही, आधी बॅटरी निवू द्यायची. सीट उघडी ठेवायची. ज्या गाडीचा चार्जर त्याच गाडीला. आत बिडी नाही, सामान नाही.

तो दिवसभर फिरत असे. प्रत्येक प्लगला बोटांची मागची बाजू लावून पाही. जंगलात विझलेल्या खोडालाही असाच हात लावतात, असं त्याने मला सांगितलं होतं. गरम लागलेला प्लग तो काढून ठेवी आणि वायरमन बाईला निरोप देई. सडक्या अंड्यासारखा वास आला की ती बॅटरी जास्त चार्ज होते आहे, एवढं नाक त्याने लवकरच कमावलं. गोड, रंगाच्या दुकानासारखा वास आला आणि बॅटरी फुसफुसली तर ती लिथियम, मग जवळ जायचं नाही, हे त्याला वायरमन बाईने शिकवलं. तो विचारत असे, ती सांगत असे. पुढे ती विचारत असे, तो सांगत असे. त्या दोघांमध्ये कोण वरचढ हा प्रश्न मी कधी उठलेला पाहिला नाही.

गाड्या वाढल्या तसा मोकळ्या जागांवर डोळा जाऊ लागला. तो डोळा सगळ्यांत आधी गेला रिक्षावाल्या बाईचा.

गावात रिक्षा चालवणारी ती पहिली बाई. चाळिशीची, आवाजाने दणकट, सकाळी शाळेची मुलं, मग दवाखान्यातल्या बाळंतिणी, मग बाजारातल्या भाजीवाल्या. नवरा वारल्यावर शेताचा तुकडा दिराकडे गेला आणि तिच्याकडे उरलं ते ही तीन चाकं. दोन मुली आणि आई, असं घर त्या चाकांवर चालत होतं. ती हे कोणाला सांगत बसत नसे. पण रिक्षा धुताना तिला पाहिलं की कळे. घरातल्या देव्हाऱ्यालाही कोणी इतक्या काळजीने पुसत नसेल.

तिची ठरलेली जागा रिक्षांच्या रांगेतली शेवटची होती, रुंद पट्ट्याला लागून. पलीकडे स्कूटरी. पट्टा रोज झाडलेला, उन्हात तापणारा, धानासाठीच केलेलं टणक अंगण. मोहफुलं पडू लागली आणि तिच्या आईने रोज पहाटे जंगलाच्या कडेने टोपलीभर वेचून आणायला सुरुवात केली. घराचं अंगण लहान. मग एके सकाळी ती टोपली रिक्षातून यार्डात आली आणि पट्ट्यावर पसरली गेली.

इथे कोणाला त्यात वावगं वाटलं नसतं. मोहा वाळत घालायला झाडलेली जागा लागते. झाडलेली जागा रिकामी दिसली की आमच्याकडच्या बाईला ती दुसरं काही सांगतच नाही.

भाऊने त्या दिवशी फुलं स्वतः गोळा करून टोपलीत भरून दिली. दोन दिवसांनी फुलं पुन्हा पट्ट्यावर होती, जोडीला वाळलेल्या मोहाची एक पोतडीही. त्या दुपारी मी बाकावर होतो. ऊन असं होतं की रस्त्यावर सवारी नव्हती आणि बहुतेक रिक्षा दुपारच्या चार्जिंगला आलेल्या.

"बाई, उचल ते," भाऊ म्हणाला.

"उचलते ना. सांजच्याले."

"आत्ता."

"काऊन? तुमच्या जमिनीले मोहा टोचते का?"

"वाळला मोहा पेटते. पोतडी पेटते. तुले सांगाची गोष्ट हाये का हे? तुही मायच जंगलात झाडाखाली पाला जाळते मोहा वेचाले. त्याच पाल्याचा वणवा मी आयुष्यभर झोडपला."

"मायी माय पाला जाळत नाई!"

"कोनीच जाळत नाई. तरी जंगल दरसाल जळते."

बाकीचे रिक्षावाले हसले. त्याने ती आणखी भडकली. "एवढी जागा खाली ठेवून कोनाले बसवून राह्यले भाऊ? वाघाले? बाजूच्या गावातले पाच जन चार्जिंगसाठी लायनीत उभे हायेत अन् तुम्ही इथी हवा पार्क करून राह्यले."

"हो. हवाच."

"मंग हवेले सांगा मोहा राखाले."

हे बराच वेळ चाललं. भाऊ झाडू आणून तिच्यासमोर धरून उभा राहिला. शेवटी तिने झाडू हिसकावून घेतला आणि फुलं लोटायला लागली, अशी की निम्मी धूळ भाऊच्या अंगावर यावी. पोतडी तिने गेटाबाहेर फेकली. पट्टा पुन्हा उघडा झाला. तिने त्याच्याशी बोलणं बंद केल्याचं सर्वांदेखत जाहीर केलं आणि गेटाजवळ जाऊन बसली.

त्या भांडणात भाऊची पाठ स्कूटरींकडे होती. त्याच वेळी पार्सल पोचवणाऱ्या एका माणसाने आपली स्कूटर पट्ट्याच्या पलीकडच्या पहिल्या जागेवर लावली आणि प्लग खोचून जेवायला निघून गेला. त्याची बॅटरी काही दिवसांपूर्वी रस्त्याकडेच्या दुकानात उघडून जोडलेली होती. चार्जर त्याचा नव्हता, मित्राचा होता. हे सारं नंतर कळलं. आगीचं नेमकं कारण यांतलं कोणतं, ते कोणी खात्रीने सांगू शकलं नाही.

सुरुवात आवाजाने झाली. कुकरची शिटी येण्याआधी जशी फुसफुस होते तशी. मग स्कूटरच्या सीटखालून पांढरा धूर आला, जाड, जमिनीलगत सरकणारा.

गेटाजवळ टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर भाऊने लोखंडी कांब मारली. हा आवाज आम्ही महिन्यातून एकदा सरावासाठी ऐकत होतो आणि हसत होतो. या वेळी कोणी हसलं नाही. भाऊने लाल खटका पाडला. सगळ्या चार्जरांवरचे दिवे एकदम गेले. मग त्याने तोंडाला गमछा बांधला आणि तो ओरडला, "धुराच्या सामोर कोनी राहू नका. वरल्या वाऱ्याले या. लांबच्या गाड्या काढा."

दगड बाजूला झाले. लांबच्या रिक्षा एकामागून एक गेटातून बाहेर पडल्या. कोणाला वळवावी लागली नाही, कोणाचा ब्रेक अडकला नाही. वायरमन बाई बसस्टँडजवळ काम करत होती. तिला आणि अग्निशमन गाडीला मी फोन केला. गाडी शेजारच्या गावाहून येणार होती.

रांगेत एकच रिक्षा राहिली. शेवटची.

ती बाई धावली तेव्हा स्कूटरमधून ज्वाळा निघाल्या होत्या. भाऊ तिच्या आडवा उभा राहिला.

"सोडा मले!"

"तुही गाडी धुरात हाये. त्या धुरात श्वास घेतला तर बाहेर येशील याचा भरोसा नाई."

"दगड काढाचा हाये फक्त. एक दगड!"

"बाई, नको जाऊ."

"मंग तुम्ही देता का मले दुसरी? पोरी माह्या काय खातील? बोला ना! हवा खातील?"

त्याने वाट सोडली नाही. तिने त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी मारलं. तो मागे सरकला आणि पुन्हा तिथेच उभा राहिला. मी तिचा दंड धरला.

तेवढ्यात जे घडलं ते फक्त आमच्याच भागात घडू शकतं. जंगलातल्या गावांतून आलेल्या दोन रिक्षावाल्यांनी कुंपणाच्या करंजाच्या हिरव्या फांद्या मोडल्या आणि ते आगीकडे झेपावले. वणवा असाच झोडपतात. हिरव्या फांदीने, वाऱ्याच्या बाजूने, जमिनीवर. त्यांच्या बापांनी तेच केलं होतं. भाऊनेही तेच केलं होतं, आणि त्या दोघांना त्यानेच एके काळी जंगलात हाताखाली घेतलं होतं. फांदी पाहून त्याचा उजवा हात क्षणभर वर आला. मी ते पाहिलं. मग तो हात खाली गेला आणि त्याच्या तोंडून आली ती शिवी इथे लिहिता येणार नाही.

"हा वणवा नोहे बे! मांगं फिरा!"

एकाने ऐकलं. दुसऱ्याने एक फटका मारलाच. बॅटरीच्या आत टपटप आवाज झाला आणि जळता तुकडा, अंगठ्याएवढा, बंदुकीतून सुटावा तसा त्याच्या कानाजवळून गेला. त्याने फांदी टाकली आणि पळाला. तुकडा पट्ट्यावर, जिथून तासाभरापूर्वी फुलं लोटली होती तिथे पडला. त्याच्या मागून आणखी तीन-चार आले. टणक जमिनीवर ते जागच्या जागी भगभगत राहिले. भोवती त्यांना घ्यायला काही नव्हतं. एक रिक्षाच्या बाजूने घरंगळत गेला आणि मध्येच थांबून विझला.

आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. ती बाईही.

तोवर पंप सुरू झाला होता. यार्डातली वीज गेलेली असताना तो घरघरताना ऐकून एका रिक्षावाल्याने चमकून वर दिव्याकडे पाहिलं. भाऊने नळी लांबूनच धरली, वाऱ्याच्या बाजूने. पाण्याची धार कधी बॅटरीवर, कधी रिक्षाच्या आगीकडच्या अंगावर, अशी तो फिरवत राहिला. रिक्षाचा मेणकापडी पडदा वेडावाकडा होऊन आकसला होता. पाणी पडलं की त्यातून वाफ निघे.

वायरमन बाई आली तेव्हा ज्वाळा खाली बसल्या होत्या आणि फांदीवाले दोघे घमेल्यांनी माती आणत होते. विस्तवावर माती, हा त्यांचा दुसरा धडा.

"माती नोको," ती म्हणाली. "आतमंदी शिजून राह्यलं ते अजून. झाकलं तर आतल्या आत शिजत राहीन, अन् मंग पुन्हा पेटन. त्याले थंड करा, पानी बंद करू नका."

"मंग मातीचं काय करू?" एकाने विचारलं, घमेलं डोक्यावर तसंच.

तिने मागच्या उताराकडे पाहिलं. काळं पाणी त्या बाजूने निघालं होतं, बोडीच्या दिशेने. "तिथी टाक. बांध घाल. गुराईच्या पोटात जाऊ देऊ नको हे."

ते दोघे तिकडे धावले, आणि जाळरेषा काढणाऱ्या हातांनी इतका सुबक बांध घातला की पाणी तिथेच साचलं.

अग्निशमनची गाडी आली, त्यांनी आणखी पाणी मारलं. लांब आकड्याने स्कूटरचा सांगाडा ओढून अंगणाच्या मध्यावर, सगळ्यांपासून दूर नेला. त्यांच्यातल्या मोठ्या अधिकाऱ्याने यार्डभर फिरून लाल खटका, पंपाची लाइन, मोकळे पट्टे पाहिले. भाऊला त्याने एवढंच विचारलं, "पट्टा कोणी ठरवला?"

"जंगलानं," भाऊ म्हणाला.

"सांगाड्यावर उद्यापर्यंत नजर ठेवा. हे पुन्हा पेट धरतं."

पार्सलवाला परतला तेव्हा तो रडकुंडीला आला होता. भाऊने त्याला बसवून पाणी दिलं. "चूक तुही हाये," तो म्हणाला. "पन प्लग लावताना पाहाची जबाबदारी माही होती, अन् मी मोहा पाहून राह्यलो होतो." हे त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. त्यानंतर स्कूटरींच्या बाजूला दुसरा माणूस नेमला गेला आणि स्कूटरींचे प्लग त्याच्या हातानेच लागू लागले. भाऊने तशी मागणी स्वतः केली होती.

मी बातमी पाठवली. ती चार ओळींत आली. जीवितहानी नाही, एक वाहन जळून खाक. चार ओळींत तेवढंच मावतं. जी गाडी जळली नाही तिची बातमी होत नाही, आणि कित्येक वर्षं या धंद्यात काढूनही त्यावर मला उपाय सापडलेला नाही. म्हणून हे लिहिलं.

वायरमन बाईने रिक्षा तपासली. चार्जर भिजला होता, तो उघडून, वाळवून, तपासून दिल्याशिवाय लावायचा नाही असं तिने बजावलं. बॅटऱ्या चांगल्या होत्या. तारांचं वरचं आवरण एका ठिकाणी मऊ पडलं होतं, तेवढा तुकडा तिने काढून नवा घातला. रिक्षावाली बाई सगळा वेळ चाकाशी उकिडवी बसून होती. चाकाला लावलेला तो दगड तिच्या हातात होता. तो तिने केव्हा काढला ते मला कळलं नाही.

संध्याकाळी सांगाड्यातून पुन्हा धूर आला. अग्निशमनच्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं तसाच. भाऊ नळी घेऊन उठला तर पंपाशी ती आधीच पोचली होती.

"तुम्ही बसा भाऊ. पानी मारता येते मले."

"बोलनं बंद होतं ना तुहं?"

"बंदच हाये. हे मी पंपाशी बोलून राह्यली."

ती आणि भाऊ आळीपाळीने पहाऱ्यावर बसले. तिची आई डबा घेऊन आली आणि गेटाबाहेर पडलेली मोहाची पोतडी उचलून घरी घेऊन गेली.

आकसलेला पडदा तिने बदलला नाही. निदान मी पाहिलं तोवर तरी नाही. मुलं विचारतात तेव्हा ती सांगते की रिक्षाला उन्हाळा लागला. मोहा आता मिलच्या जुन्या गोदामाच्या गच्चीवर वाळतो. गोदाम यार्डाच्या कुंपणाबाहेर आहे, आणि गच्चीची चावी मिलमालकाकडून भाऊने मिळवून दिली. तिने त्याबद्दल आभार मानल्याचं मी ऐकलेलं नाही. पण सकाळी मुलं शाळेत सोडून आली की ती स्वतःचा झाडू घेऊन त्या पट्ट्यावरून फिरते. करंजाची पानं पडतात, वाऱ्याने प्लास्टिकच्या पिशव्या येतात. ते सगळं ती उचलते.

मागच्या आठवड्यात एका नव्या रिक्षावाल्याने आपली गाडी त्या पट्ट्यात उभी केली. जागा ऐसपैस होती, आणि भाऊ पलीकडे प्लग तपासत होता. मी बाकावर होतो. नव्या माणसाला हटकायला भाऊला वळावंही लागलं नाही.

"ओ दादा," ती झाडू टेकवून म्हणाली, "ते गाडी काढा तिथून."

"खालीच तर हाये जागा."

"खाली दिसते तुमाले. काढा आधी, मंग सांगते."

त्याने गाडी काढली. तिने चाकांनी आणलेली माती झाडून घेतली, आपल्या रिक्षाचा ब्रेक सुटा आहे ना ते पाहिलं, दगड चाकाखाली सरकवला, आणि मग त्याला सांगायला लागली.